टाइप-सी टू लॅन अडॅप्टर: नेट तुटतंय ते नेमकं कुठे, हे शोधायचं कसं आणि घेताना बघायचं काय

पातळ लॅपटॉप घेतला की लॅनचा पोर्ट गेला, हे आता ठरलेलंच आहे. कडेला दोन सी पोर्ट, एक चार्जिंगला आणि एक बाकी सगळ्या जगाला. मग वायफाय मीटिंगमध्ये अडकायला लागलं की माणूस ऑनलाइन जाऊन टाइप-सी टू लॅन शोधतो, पहिलाच तीनशे-चारशे रुपयांचा दिसतो, वर १००० एमबीपीएस लिहिलेलं असतं, घेऊन टाकतो. दोन-चार दिवस बरं चालतं आणि मग सुरू होतं, नेट दहा सेकंद जातं, आपोआप येतं, परत जातं. नेटवाल्याला फोन केला की तो राउटर बदलून देतो नाहीतर वरचा प्लॅन घ्या म्हणतो, आणि अडॅप्टरवर कोणाचा संशयच जात नाही कारण तो तर नवीन आहे.

खाली जे सांगतोय ते विंडोज धरून सांगतोय, लिनक्सवाल्यांसाठी मध्ये दोन ओळी आहेत.

आधी आत काय असतं ते

हा अडॅप्टर म्हणजे नुसता जोड नाही, चार्जरच्या पिनेसारखं इकडची वायर तिकडे केली असं नसतं. आत एक चिप असते जी खरीखुरी नेटवर्क कार्ड आहे, फक्त ती युएसबीवरून लॅपटॉपशी बोलते. बाजारात फिरून फिरून दोन-तीनच कंपन्यांच्या चिपा दिसतात. रिअलटेकची ८१५३ ही गिगाबिटवाली सगळ्यात कॉमन, तिची थोरली बहीण ८१५६ अडीच गिगाबिटवाली, आणि धाकटी ८१५२ जी फक्त १०० एमबीपीएसची. एसिक्सची ८८१७९ पण गिगाबिटच. आणि अगदी स्वस्तात कोअरचिप नावाच्या कंपनीची ९७०० भेटते, जी लॅनच्या बाजूने १०० म्हणते पण युएसबीच्या बाजूने जुन्या १.१ ची आहे, म्हणजे १२ एमबीपीएसच्या वर काही जाऊच शकत नाही. डब्यावर मात्र १०० लिहितात आणि तसं बघायला गेलं तर खोटं पण नाही.

आता गंमत अशी की स्वस्त आणि महाग अडॅप्टरमध्ये चिप बऱ्याचदा एकच असते, तीच ८१५३. पैसे वाचवलेले असतात ते चिपच्या आजूबाजूला. लॅपटॉपकडून ५ व्होल्ट येतात, चिपला त्याहून कमी लागतात, ते कमी करून स्थिर ठेवणारे जे बारीक पार्ट असतात ते हलके टाकलेले असतात. सी पिनेपासून डबीपर्यंतची ती वीतभर वायर बारीक तारेची असते, तिच्यातच थोडं व्होल्टेज पडतं. चिपची गरमी बाहेर काढायला काही केलेलं नसतं, बाहेरून अल्युमिनियम दिसतं पण चिप त्याला टेकलेलीच नसते. मग डाउनलोड जोरात चालू झालं, चिपने जास्त करंट ओढला, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं की चिप रिसेट होते. रिसेट व्हायला पाव सेकंद पण लागत नाही, पण लॅपटॉपच्या दृष्टीने कोणीतरी अडॅप्टर उपटून परत लावला, आता नव्याने ओळख, ड्रायव्हर, लिंक, राउटरकडून आयपी, हे सगळं पहिल्यापासून, आणि तेवढ्यात मीटिंगमधले लोक हॅलो हॅलो करत बसतात.

पहिली पायरी: तुटतंय कुठे

नेट गेलं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, अडॅप्टरच लॅपटॉपवरून गायब झाला. दोन, अडॅप्टर जागेवर आहे पण त्याच्या आणि राउटरच्या मधली लॅनची लिंक तुटली. तीन, दोन्ही ठीक आहेत आणि राउटरच्या पुढचं नेटच गेलंय. तिन्हीचे इलाज वेगळे आहेत, त्यामुळे हे न बघता ड्रायव्हर बदल, केबल बदल असं करत बसलात तर वेळ जातो आणि हाताला काही लागत नाही.

सगळ्यात आधी वायफाय बंद करा. हे विसरू नका, कारण लॅन गेलं की विंडोज गुपचूप वायफायवर जातं आणि तुम्हाला वाटतं सगळं छान चाललंय. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून `ncpa.cpl` टाइप करा, नेटवर्क कार्डांची यादी उघडते, ती स्क्रीनच्या एका कोपऱ्यात उघडीच ठेवा. शेजारी दोन कमांड विंडो उघडा आणि एकात राउटरला, एकात बाहेर पिंग लावून ठेवा, पिंग म्हणजे दर सेकंदाला समोरच्याला मारलेली हाक, उत्तर आलं तर रस्ता चालू:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा टाका, `ipconfig` केलं की `Default Gateway` च्या समोर दिसतो. लॅपटॉपचा आवाज पण चालू ठेवा, कारण युएसबी काढल्या-लावल्याचा तो टुडुंग आवाज हाच सगळ्यात खात्रीचा साक्षीदार आहे.

आता नेहमीचं काम करत बसा आणि नेट जायची वाट बघा. गेलं की लगेच यादीकडे बघायचं. यादीतून कार्डच नाहीसं झालं, पिंगमध्ये `General failure` आलं आणि टुडुंग वाजलं, तर युएसबी तुटतंय. कार्ड आहे पण त्यावर लाल फुली आणि `Network cable unplugged`, तर लॅनची लिंक तुटतेय. कार्ड छान, राउटरचं पिंग चालू, फक्त ८.८.८.८ चं `Request timed out`, तर अडॅप्टरचा काही दोष नाही, आता खुशाल नेटवाल्याशी भांडा.

लिनक्सवर हे अजून सोपं आहे, `sudo dmesg -w` लावून बसा. `USB disconnect` दिसलं तर पहिला प्रकार, नुसतं `carrier off` किंवा `Link is Down` दिसलं तर दुसरा.

युएसबी तुटत असेल तर

इथे मुख्य संशयित तीन, वीज वाचवायची सेटिंग, गरमी-व्होल्टेज, आणि सी पिनेचा ढिला सांधा. यातला कुठला ते ओळखायची युक्ती म्हणजे कधी तुटतं ते बघायचं.

काही काम चालू नसताना तुटत असेल, म्हणजे तुम्ही चहा पिऊन आलात आणि नेट गेलेलं, तर वीज वाचवायची सेटिंग. विंडोज बघतं की या युएसबी उपकरणावर काही हालचाल नाही, चला झोपवू याला, आणि चांगला अडॅप्टर हाक मारली की उठतो, हलका उठताना अडखळतो. इथे एक मेख आहे, वरचं ते पिंग दर सेकंदाला जात असतं म्हणून ते चालू असेपर्यंत अडॅप्टर झोपतच नाही आणि तुटत पण नाही. त्यामुळे पिंग लावल्यावर त्रास जादूने बंद झाला आणि काढल्यावर परत आला तर समजा चोर सापडला.

इलाज: डिव्हाइस मॅनेजर उघडा, `Network adapters` मध्ये तुमचा अडॅप्टर, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये `Power Management` टॅब, तिथली `Allow the computer to turn off this device to save power` ची टिक काढा. मग `Advanced` टॅबमध्ये `Selective suspend` किंवा `Idle Power Saving` असं काही दिसलं तर `Disabled` करा, नावं ड्रायव्हरप्रमाणे थोडी बदलतात. काही नवीन लॅपटॉपवर तो पॉवरचा टॅबच दिसत नाही, मग `Advanced` मधलं तेवढं करा आणि बघा. लिनक्सवर टीएलपी टाकलेलं असेल तर ते पण युएसबी झोपवतं, `/etc/tlp.conf` मध्ये `USB_DENYLIST` मध्ये अडॅप्टरचा आयडी टाकला की त्याला सोडून देतं.

उलट भर कामात तुटत असेल, मोठी फाइल उतरवताना किंवा गेमचा अपडेट चालू असताना, तर गरमी नाहीतर व्होल्टेज. मुद्दाम एखादं मोठं डाउनलोड लावा आणि पाच-दहा मिनिटांनी हात लावून बघा. कोमट असणं नॉर्मल आहे, गिगाबिटवाले कोमट होतातच आणि अडीच गिगाबिटवाले चांगलेच तापतात, पण बोट ठेववत नाही आणि त्याच वेळी टुडुंग वाजलं, मग गार झाल्यावर तेच डाउनलोड काही वेळ बिनबोभाट चाललं, तर गरमीच. अडॅप्टर हबमध्ये लावला असेल तर आधी हब काढून थेट लॅपटॉपला लावून बघा, कारण हबवर हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मॉनिटर सगळे एकाच ताटात जेवत असतात. थेट लावूनही भर कामात तुटतंय तर सेटिंगने काही होणार नाही, बदलून घ्या.

आणि हलवल्यावर तुटत असेल, लॅपटॉप जरा सरकवला की टुडुंग, तर सांधा. सी पोर्टच्या तळाशी कपड्याचे तंतू जमतात, पिन पूर्ण आत बसत नाही, लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, टाचणी किंवा सुई घालू नका. अजून एक करून बघायचं, सी पिन काढून उलटी करून लावायची. सी उलटीसुलटी कशीही बसते हे खरं, पण युएसबी ३ च्या वेगवान तारा प्रत्येक बाजूला पोर्टच्या वेगळ्या पिना वापरतात. त्यातली एक बाजू घाण किंवा वाकलेली असेल तर एका बाजूने अडॅप्टर युएसबी ३ वर चालतो आणि दुसऱ्या बाजूने गपचूप युएसबी २ वर घसरतो, नाहीतर मध्येच तुटतो. लिनक्सवर `lsusb -t` मध्ये शेवटी `5000M` हवं, `480M` दिसलं तर घसरलाय. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये युएसबीखाली हेच दिसतं.

लॅनची लिंक तुटत असेल तर

इथे अडॅप्टरपेक्षा केबल गुन्हेगार असायची शक्यता जास्त, खास करून नेटवाल्या पोराने दारात उभं राहून क्रिम्प केलेली असेल तर. १०० एमबीपीएसला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर लिंक गिगाबिटवर उभी राहते, पडते, परत उभी राहते.

आधी केबल बदला, दोन्ही टोकं कंपनीतून आलेली छोटी केबल लावून राउटरच्या शेजारी बसून बघा. दुसरी केबल नसेल तर `Advanced` टॅबमध्ये `Speed & Duplex` ला `100 Mbps Full Duplex` करून तासभर वापरा. १०० वर खडखडीत चालतंय आणि `Auto Negotiation` वर परत तुटतंय तर कुठलीतरी तार गेलीय, हे जवळजवळ नक्की. हा फक्त तपासायचा उपाय आहे हं, कायमचं १०० वर ठेवायचं नाही, नंतर परत ऑटो करा.

केबल चांगली असूनही तुटतंय तर तिथेच `Energy-Efficient Ethernet` आणि `Green Ethernet` दोन्ही बंद करा. दोन्ही वीज वाचवायच्या सोयी आहेत, पहिली तर लाइनवर ट्रॅफिक नसताना लिंक अर्धवट झोपवते, आणि समोरचा राउटर जुना किंवा हलका असेल तर दोघांचं झोपायचं-उठायचं गणित जुळत नाही. वीज यात इतकी थोडी वाचते की बंद करून काही बिघडत नाही.

एक प्रत्यक्ष केस

नाशिकला आमच्या वहिनी घरून काम करतात. फायबर २०० एमबीपीएसचं, पण स्पीड टेस्ट नेहमी ९४ ला अडकणारी, आणि कॉलमध्ये दिवसातून पाच-सहादा नेट जायचं. नेटवाला येऊन प्लग हलवून गेला होता. मी फोनवर त्यांना वायफाय बंद करायला लावलं आणि वरचं सगळं उघडून ठेवायला सांगितलं.

९४ हा आकडा ओळखीचा आहे, लिंक १०० वर चालली की टेस्टमध्ये साधारण एवढंच येतं. पण ती १०० वर का, केबलमुळे की चिपमुळे? विंडोजचं पॉवरशेल उघडून हे टाकलं:

```
Get-NetAdapter
```

`LinkSpeed` खाली `100 Mbps`. मग डिव्हाइस मॅनेजर, अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज, `Details` टॅब, वरच्या यादीत `Hardware Ids`. तिथे `USB\VID_0BDA&PID_8152` असं आलं. 0BDA म्हणजे रिअलटेक, आणि 8152 म्हणजे ती धाकटी बहीण. डबीवर ठसठशीत १००० लिहिलेलं आणि आत १०० ची चिप. म्हणजे केबल कितीही बदलली असती तरी ९४ च्या वर गेलं नसतंच.

"अहो पण तुटतं का मग? १०० तर १००, कॉलला काय लागतं एवढं," वहिनींचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. चिप हळू आहे म्हणून नेट तुटत नाही. तेवढ्यात कॉल चालू असतानाच फोनवर मला टुडुंग ऐकू आलं आणि यादीतून कार्ड गेलं, म्हणजे पहिला प्रकार. पॉवरची टिक काढली, दुसऱ्या दिवशी परत तेच, फक्त कॉल आणि फाइल अपलोड एकत्र असताना. मग विचारलं अडॅप्टर ठेवलाय कुठे, तर मॉनिटरच्या मागे, लॅपटॉपच्या चार्जरच्या विटेवर. तो बाजूला काढून मोकळ्या हवेत ठेवल्यावर तुटणं कमी झालं पण थांबलं नाही. दुसऱ्या सी पोर्टला लावलं, तसंच. तिथे मी म्हटलं आता याला परत पाठवा. १००० लिहून १०० दिल्यावर परत करायला हे कारणच पुरे होतं, हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट जोडला आणि दुकानदाराने काही वाद घातला नाही. नवीन ८१५३ वाला आला, त्याच केबलवर स्पीड दोनशेच्या जवळ, आणि तुटणं बंद. केबल निर्दोष होती हे पण त्यातून कळलं.

घेताना काय बघायचं

चिपचं नाव लिहिलेला अडॅप्टर घ्या. लिस्टिंगमध्ये `RTL8153` किंवा `AX88179` असं दिसलं तर ठीक, नसेल तर ग्राहकांच्या प्रश्नोत्तरात शोधा, लिनक्स वापरणारे कोणीतरी तिथे आयडी टाकून गेलेलं असतं. नावाजलेल्या कंपन्यांचे गिगाबिटवाले साधारण हजार ते दोन हजारात येतात. अडीच गिगाबिटवाल्याच्या मागे लागू नका, तुमच्या राउटरचा पोर्टच एक गिगाबिटचा असेल तर उगाच जास्त गरमी विकत घेताय.

युएसबी ३ लिहिलेलं हवं. युएसबी २ वर गिगाबिट चिप लावली तरी प्रत्यक्षात तीनशेच्या आसपासच मिळतं, कारण युएसबी २ ची मर्यादाच ४८० आहे आणि तेवढे पण पूर्ण कधी मिळत नाहीत. आणि तुमच्या लॅपटॉपचा सी पोर्ट पण बघा, स्वस्त लॅपटॉपमध्ये सी पोर्ट कधीकधी युएसबी २ चाच असतो. साध्या युएसबीचा लॅन अडॅप्टर आणि त्यावर वीस रुपयांचा सी कन्व्हर्टर हा जुगाड करू नका, तो कन्व्हर्टर म्हणजे अजून एक ढिला सांधा. लावल्याबरोबर माय कॉम्प्युटरमध्ये सीडी ड्राइव्ह दिसला आणि त्यात ड्रायव्हरचा सेटअप, तर तो हलक्या चिपवाला असू शकतो, हार्डवेअर आयडी बघा आणि तसंच निघालं तर परत करायचा विचार करा.

लॅपटॉप झोपला आणि घरातलं सगळं नेट गेलं

हा प्रकार ऐकून लोकांना खोटा वाटतो पण होतो. लॅपटॉप झाकून ठेवला, अडॅप्टर लावलेलाच, आणि थोड्या वेळाने टीव्ही, मोबाइल, कॅमेरे सगळ्यांचं नेट बंद. अडॅप्टर काढला की सगळं परत चालू.

होतं असं की लॅपटॉप झोपला तरी पोर्टला वीज येत राहते, म्हणून चिप जागी असते, पण तिच्याकडून डेटा घ्यायला लॅपटॉपमध्ये कोणी नाही. तिची छोटी मेमरी भरते. मग ती राउटरला सांगायला लागते, थांब, अजून पाठवू नको. हे सांगायची अधिकृत पद्धत आहे, फ्लो कंट्रोल म्हणतात. चिप सतत थांब थांब म्हणत राहते, आणि राउटर किंवा साधा स्विच हलका असेल तर तो त्या एका पोर्टसाठी सगळ्यांनाच थांबवून ठेवतो. यात महागडे डॉक पण सापडतात, फक्त स्वस्तांचा दोष नाही. `Advanced` टॅबमध्ये `Flow Control` ला `Disabled` करा. त्याने झालं नाही तर ड्रायव्हर रिअलटेकच्या साइटवरून नवीन घ्या, आणि तोपर्यंत झाकण लावताना अडॅप्टर उपटायची सवय ठेवा.

नवीन अडॅप्टर आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करून घ्या. एका दिवशी तासभर मोठं डाउनलोड लावून ठेवा, आणि एका रात्री लॅपटॉपची झोप बंद करून, पिंग न लावता नुसता चालू सोडा. सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Windows Logs`, त्यात `System` उघडा आणि रात्रीच्या वेळेत नेटवर्क कार्डाची लिंक गेल्याची नोंद आहे का बघा. असेल तर त्याच दिवशी रिटर्न टाका.